तुझ्या गिटारीत षड्ज कुठाय?

गेल्या कोजागरीला टार्निटमधल्या एका गॅरेजात आम्ही दहा-बाराजण जमलो होतो. शटर अर्धं वर, मसाला दूध, आणि मेलबर्नच्या पश्चिमेचा तो न दमणारा वारा. ज्या काकांना आम्ही आग्रहाने गायला बसवलं होतं, ते लहानपणी सांगलीत थोडं शिकलेले. त्यांनी भूप धरला आणि मी साथीला सवयीने कॉर्ड्स देत गेलो. दोन आवर्तनांनी ते थांबले. "छान वाजवतोस रे," म्हणाले, "पण तुझ्या गिटारीत षड्ज कुठाय?"

प्रश्न बरोबर होता. गिटारीच्या नेहमीच्या तारा जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा असतात. काकांचा सा पांढरी दोन, म्हणजे डी. त्या हिशेबाने चौथी तार सा, पाचवी पंचम. बाकीच्या तारांवर रिषभ, मध्यम, धैवत पसरलेले. त्यातून प्रत्येक कॉर्डला बोटं सरकली की खालचा स्वरही सरकतो. तंबोऱ्याची तार मात्र कोणी दाबत नाही. ती वाजते आणि वाजत राहते, आणि गाणारा तिच्यावर उभा राहतो.

दुसऱ्या दिवशी एकच खुंटी फिरवली. सहावी, सर्वांत जाड तार ई वरून डी वर उतरवली. गिटारवाले याला ड्रॉप डी म्हणतात. आता खालच्या तीन तारा झाल्या सा, प, सा. तंबोऱ्यात बोट जातं पंचमावरून जोडीच्या दोन तारांवर आणि शेवटी खर्जावर. इथे तेच अंगठ्याने केलं: पाचवी, चौथी, पुन्हा चौथी, सहावी. जोडीच्या दोन तारांचं काम एकीवर भागवलं एवढाच फरक, आणि ऐकणाऱ्याला तो फारसा कळत नाही.

उतरवलेल्या तारेचा एक त्रास असतो. सुरात एक पूर्ण स्वर खाली गेलं की ताण साधारण पाचव्या हिश्शाने कमी होतो. अशी सैल तार जोरात छेडली तर आधी चढी बोलते आणि मग सुरावर येते. खर्ज प्रत्येक वेळी किंचित "वर जाऊन बसतो" असं वाटलं तर दोष खुंटीचा नाही, अंगठ्याचा आहे. हळू छेडा, नाहीतर तेवढी तार जरा जाड लावा. आणि सुरात आणताना तार थेट डी वर सोडू नका. तिला डी च्याही खाली न्या आणि तिथून वर आणा, नाहीतर खुंटीतली ढील गाण्याच्या मध्यावर दगा देते.

वरच्या तीन तारांचं काय करायचं हा खरा प्रश्न होता. ज्याला विचारावं तो सांगे, डॅडगॅड कर. डी, ए, डी, जी, ए, डी ही जुळणी इंग्लंडच्या डेव्ही ग्रॅहमने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केली. मोरोक्कोत ऊद ऐकल्यानंतर त्याला गिटारीत तसं काही हवं होतं. आपल्या भाषेत ती होते सा, प, सा, म, प, सा. तिच्यात गंधार कुठेच नाही, म्हणून ती ना शुद्ध गंधाराची, ना कोमल गंधाराची. ती कुठल्याही मूडला चालते असं गिटारवाले म्हणतात, ते यामुळेच.

मी तशी जुळवली आणि काकांना फोनवर ऐकवली. पलीकडून लगेच: "मध्यम का वाजतोय?"

भूपात म आणि नि वर्ज्य, आणि माझी तिसरी तार मोकळी सुटली की दर आवर्तनाला मध्यम देत होती. मध्यम असलेल्या रागाला हीच तार शोभली असती. पण भूपाला डॅडगॅड चूक आहे, हे माझं ठाम मत झालंय. जुळणी निवडण्याआधी रागात काय नाही ते बघावं. मालकंसात पंचम नाही, म्हणून तिथे पाचवी तारसुद्धा ए वरून जी वर, म्हणजे मध्यमावर आणावी लागेल.

मग तिसरी तार जी वरून अर्धा स्वर उतरवून एफ शार्पवर, म्हणजे शुद्ध गंधारावर घेतली. सहा तारा झाल्या सा, प, सा, ग, प, सा. याला ओपन डी म्हणतात. आता सगळ्या मोकळ्या तारा एकदम छेडल्या तरी भूपाबाहेरचा एकही स्वर नाही.

तरीही गंधार टोचत होता. ट्यूनरचा काटा मधोमध, आणि कानाला मात्र गंधार चढा. कारण जुनंच आहे. तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट उतरा असतो (अर्ध्या स्वराचे १०० सेंट). ट्यूनर पियानोचा गंधार दाखवतो. सहाव्या तारेवर चौथ्या पडद्याच्या जरा अलीकडे बोट नुसतं टेकवून छेडलं की तोच स्वयंभू गंधार घंटेसारखा निघतो. तिसऱ्या तारेवर बाराव्या पडद्याशी तसंच केलं की तोच स्वर तिच्यातून येतो. दोन्ही एकत्र वाजवले तर सेकंदाला जवळजवळ तीन लहरी ऐकू येतात, वां-वां-वां अशा. तिसरी तार अगदी सावकाश उतरवत जा. लहरी लांबतात, मंदावतात आणि थांबतात. थांबल्या की गंधार लागला. ट्यूनरचा काटा तेव्हा डावीकडे झुकलेला असतो, त्याला झुकू द्या.

याची एक किंमत आहे. त्या तारेवर पडदा दाबून घेतलेला प्रत्येक स्वर आता तेवढाच उतरा. म्हणून तिच्यावरून पंचम घ्यायचा नाही, तो दुसऱ्या मोकळ्या तारेवर तयार बसलाच आहे. मध्य सप्तक असं मिळतं: चौथी मोकळी सा, दुसऱ्या पडद्यावर रे, तिसरी मोकळी ग, दुसरी मोकळी प, तिच्याच दुसऱ्या पडद्यावर ध, पहिली मोकळी तार सा. भूपाच्या पाच स्वरांपैकी फक्त दोन दाबायचे, बाकी आपोआप घुमतात.

यावर गाणं करायला बसलो. विषय टार्निट स्टेशनचा. २०१५ साली ते सुरू झालं, तेव्हा भोवती बरंचसं मोकळं माळरान होतं. शब्द माझेच, साधे: फलाट, वारा, उशिराची गाडी. चाल दुसऱ्या तारेवर रेंगाळायची, कारण मोकळा पंचम आणि शेजारचा धैवत बोटाला फार सोपे. चार ओळी झाल्या तेव्हा खूश होतो. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हा देसकार झाला."

देसकारात स्वर भूपाचेच, पण वादी धैवत. भूपाचा वादी गंधार. बोटाच्या सोयीने मला नकळत धैवतावर नेऊन बसवलं होतं. म्हणून मुखडा पुन्हा बांधला. प्रत्येक ओळ मोकळ्या गंधारावर सोडायची, तो घुमत असताना पुढचा शब्द घ्यायचा, आणि धैवताला फक्त शिवून परतायचं. तोच गंधार, ज्याच्या लहरी थांबवायला मी दुपार घालवली होती.

एक उणीव मात्र राहिली. तंबोऱ्याच्या रुंद घोडीवर तार अलगद घासते आणि तिच्याखाली सरकवलेल्या सुती धाग्याने जवारी लागते, तिच्यामुळे नाद लांबतो. गिटारीचं सॅडल अरुंद. मीही तिथे धागा घालून पाहिला, तर तार खुळखुळली आणि दबली. गिटारीचा नाद विझायच्या आत पुन्हा छेडावंच लागतं, म्हणून या गाण्याची लय मी ठरवली त्याहून थोडी चढी ठेवावी लागली. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते काम सहा तारांवर उरकता येत नाही, हे आता हाताने कळलंय.

घरातल्या बाईमाणसांना हीच चाल गायची असेल तर सहाव्या पडद्यावर कॅपो लावा, सा काळी चारवर येतो. कॅपोच्या दाबाने तारा किंचित चढतात, तेव्हा गंधाराच्या लहरी पुन्हा ऐकून घ्या. यंदाच्या कोजागरीला आम्ही तसंच केलं. काकांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं, आणि षड्जाबद्दल काही विचारलं नाही.