प्लॉट विकताना जुना आणि नवा निर्देशांक एकत्र करू नका

बिलोलीत वडिलोपार्जित किंवा वीसेक वर्षांपूर्वी घेतलेला प्लॉट विकायची वेळ आली की कराचा हिशोब निघतो. त्यात ‘महागाई निर्देशांक’ लागतो, म्हणजे जुन्या खरेदी किमतीला महागाईप्रमाणे वाढवून देणारा आकडा. घोळ असा की या निर्देशांकाचे दोन तक्ते लोकांच्या हातात आहेत. जुन्या वहीत 2006-07 समोर 519 लिहिलेलं असतं आणि नव्या तक्त्यात 122. दोन्ही आकडे सरकारचेच आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. मग फरक कशाचा?

फरक पायाभूत वर्षाचा. आयकर खात्याचा जुना तक्ता 1981-82 ला 100 धरून होता. 1 एप्रिल 1981 रोजी एखाद्या जागेची किंमत काय होती याचा कागद शोधणं लोकांना जड जात होतं, म्हणून 2017 च्या अर्थसंकल्पात पायाभूत वर्ष 2001-02 केलं. जुन्या तक्त्यात 2001-02 चा आकडा 426 होता, तो आता 100 झाला.

बाकीच्या वर्षांचं काय करायचं? प्रत्येक आकड्याला त्याच 426 ने भागायचं आणि 100 ने गुणायचं, बस. 2006-07 चे 519 भागिले 426, गुणिले 100, म्हणजे 121.8, पूर्णांकात 122. 2012-13 चे 852 होते, त्याचे बरोबर 200 झाले. 2016-17 चे 1125 होते, त्याचे 264. पायाभूत वर्षाच्या मागची वर्षं शंभराच्या खाली जातात: 1996-97 चे 305 होते, ते 71.6 येतात. मात्र खात्याच्या नव्या तक्त्यात 2001-02 च्या आधीची वर्षं दिलेलीच नाहीत. त्याआधी घेतलेल्या जागेसाठी 1 एप्रिल 2001 ची बाजारभावाने किंमत धरता येते.

यात महागाई कमी-जास्त झाली असं काही नाही. 2012-13 ते 2016-17 जुन्या तक्त्यात 273 अंकांची वाढ दिसते, नव्यात फक्त 64 ची. पण टक्केवारी काढा: दोन्हीकडे 32 च. म्हणून निर्देशांकात अंकांची वजाबाकी करून तुलना करू नये, भागाकार करावा. सगळ्या आकड्यांना एकाच संख्येने भागलं की त्यांचं आपसातलं गुणोत्तर हलत नाही. कराच्या हिशोबाला तेवढंच गुणोत्तर लागतं.

आता खरी चूक कुठे होते ते बघू. समजा एका भावाने बिलोलीत 2006-07 मध्ये 2 लाखांना प्लॉट घेतला आणि 2025-26 मध्ये 12 लाखांना विकला. (नगर परिषदेच्या हद्दीतला प्लॉट धरतोय, खेड्यातल्या शेतजमिनीचे नियम वेगळे.) त्याचं बाकीचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर आहे असंही धरू. 2025-26 चा निर्देशांक 376 आहे. 2 लाख गुणिले 376 भागिले 122, म्हणजे वाढीव खरेदी किंमत 6,16,393 रुपये. नफा 5,83,607 आणि 20 टक्क्यांनी कर सुमारे 1,16,721.

जमीन 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेली असेल तर भारतात राहणाऱ्या व्यक्तीला दोन्ही पद्धतींनी हिशोब करून कमी येईल तेवढाच कर भरता येतो: निर्देशांक लावून 20 टक्के, किंवा निर्देशांकाशिवाय 12.5 टक्के. इथे दुसऱ्या पद्धतीने 10 लाखांवर 1,25,000 येतात. म्हणजे निर्देशांकाची पद्धत 8,279 रुपयांनी स्वस्त पडते. उपकर दोन्हीकडे वेगळा.

पण कुणी जुन्या वहीतला 519 घेतला आणि वर नव्या तक्त्यातले 376 ठेवले तर? 2 लाखांचे 1,44,894 होतात. त्यावरून 20 टक्क्यांचा कर दोन लाखांच्या वर जातो, आणि तो भाऊ निमूटपणे 1,25,000 भरून मोकळा होतो. आठ हजार गेले आणि कळलंही नाही.

ही चूक ओळखायला फार हुशारी लागत नाही. खरेदीनंतर महागाई वाढली आहे, त्यामुळे निर्देशांक लावल्यावर जुनी किंमत वाढलीच पाहिजे. ती घटली, की वरचा आणि खालचा आकडा वेगवेगळ्या तक्त्यांतला आहे. उलटी सरमिसळ झाली, म्हणजे वर जुना आणि खाली नवा, तर किंमत फुगते, कर कमी दिसतो आणि पुढे नोटीस येऊ शकते. ही चूक पटकन खटकत नाही, कारण आकडा आपल्या फायद्याचा असतो.

थोडा फरक मात्र चुकीशिवायही पडतो. 376 ला उलट 4.26 ने गुणून जुन्या पायावर नेलं आणि 519 ने भागलं तर उत्तर 6,17,248 येतं, साडेआठशे रुपयांनी जास्त. कारण 121.8 चे 122 करताना झालेली पूर्णांकाची कातरी. विवरणपत्रात अधिसूचित तक्त्यातला 122 च धरायचा. जुन्या तक्त्यावरून स्वतः काढलेला दशांशातला आकडा तिथे चालत नाही.

वारशाने आलेल्या प्लॉटबद्दलही आमच्याकडे विचारणा होते. अब्बांनी 2006-07 मध्ये घेतलेला प्लॉट भावा-बहिणींना हिश्श्याने मिळाला, तर खरेदी किंमत अब्बांचीच धरली जाते. निर्देशांकही अब्बांच्या खरेदीच्या वर्षापासून लावायचा, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2011 मध्ये मंजुळा शाह प्रकरणात सांगितलं आहे. प्रत्येक वारसाने आपापल्या हिश्श्यापुरता हिशोब करायचा, आणि खाली सगळ्यांनी 122 च ठेवायचे.