१ तास ४५ मिनिटं म्हणजे १.४५ तास नाही! फ्रीलान्सरचं बिल इथेच चुकतं

मागच्या बॅचमध्ये ग्राफिक डिझाइनचं काम करणारी एक ताई होती. तिचे तीन क्लायंट होते: एक कोचिंग क्लास, एक मिठाईवाले आणि एक बिल्डर. दर ताशी ६०० रुपये. वही अगदी टापटीप, रोजची नोंद. तरीही म्हणायची, "सर, काम भरपूर करते, पण महिन्याचा हिशोब कमीच भरतो."

मी क्लासची चार कामं तिच्याकडून वाचून घेतली. १ तास ४५ मिनिटं, २ तास ३० मिनिटं, ५० मिनिटं आणि ३ तास ४० मिनिटं. वहीत तिने लिहिलं होतं १.४५, २.३०, ०.५० आणि ३.४०. कॅल्क्युलेटरवर बेरीज ७.६५, गुणिले ६००, बिल ४,५९० रुपये.

आता तास वेगळे आणि मिनिटं वेगळी मोजा. ८ तास ४५ मिनिटं होतात. ४५ मिनिटं म्हणजे पाऊण तास, म्हणजे ०.७५. मग ८.७५ गुणिले ६०० म्हणजे ५,२५० रुपये. एका क्लायंटच्या चार नोंदींत ६६० रुपये गेले, आणि दर महिन्याला जात होते! तास साठ मिनिटांचा असतो, कॅल्क्युलेटर शंभराचा धरतो, एवढीच गंमत. तुमच्या नोंदीत पॉइंटनंतर कधीच ६० च्या पुढचा आकडा येत नसेल, तर समजा तुमचंही हेच चाललंय.

उपाय सोपा आहे. तास लिहूच नका, फक्त सुरू केल्याची आणि थांबल्याची वेळ लिहा. शीटमध्ये A मध्ये तारीख, B मध्ये क्लायंट, C मध्ये सुरुवात, D मध्ये शेवट, E मध्ये मधल्या सुट्टीची मिनिटं, F मध्ये तास, G मध्ये "बिल होय/नाही" आणि H मध्ये काय काम केलं ते. F मध्ये हे टाका आणि त्या रकान्याचं फॉरमॅट वेळेचं न ठेवता साध्या नंबरचं ठेवा:

```
=MOD(D2-C2,1)*24-E2/60
```

MOD कशाला? रात्री ११ ला बसून १ ला उठलात, तर साधी वजाबाकी उणे येते. डिझाइनवाले रात्रीच जास्त बसतात, हे मला माझ्या दुकानाचे बोर्ड करून घेताना कळलंय.

दर महिन्याला नवीन शीट घ्या. क्लासची बेरीज अशी:

```
=SUMIFS(F:F,B:B,"क्लास",G:G,"होय")
```

क्लायंटचं नाव प्रत्येक वेळी तंतोतंत तसंच लिहा. कुठे "क्लास", कुठे "कोचिंग क्लास" असं झालं की ती ओळ बेरजेतून गुपचूप गळते. म्हणून सगळ्या F ची बेरीज एकदा करा आणि तीनही क्लायंटची होय-नाही मिळून येणारी बेरीज तिच्याशी जुळवून बघा.

जास्त क्लायंट असले की खरी गडबड होते ती मध्येच आलेल्या फोनने. मिठाईवाल्यांचं पॅम्फ्लेट चालू असताना क्लासच्या सरांशी वीस मिनिटं बोललात, तर ती वीस मिनिटं मिठाईवाल्यांच्या माथी का? ती ओळ तिथेच बंद करा, फोनसाठी नवी ओळ, मग परत नवी ओळ. संध्याकाळी आठवून लिहायला बसलात तर ही वीस मिनिटं हमखास चुकीच्या खात्यात जातात. प्रेसला एकाच फेरीत दोघांचं काम केलंत, तर तो तास वाटून लिहा. एकच तास दोघांना लावायचा नाही.

"होय" कशाला आणि "नाही" कशाला? क्लायंटने सांगितलेला बदल, मीटिंग, कामाचा फोन हे होय. तुमच्या चुकीची दुरुस्ती, नवीन सॉफ्टवेअर शिकणं, बिल बनवणं हे नाही. प्रवासाचं मात्र काम घेतानाच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून ठरवा. पण "नाही"वाले तासही नोंदवा, त्यातूनच कळतं की ६०० चा दर परवडतोय का.

आता राउंडिंग. पंधरा मिनिटांच्या पटीत धरत असाल तर कशावर धरता ते आधीच सांगा. समजा एका दिवसात ५, १०, १० आणि ५ मिनिटांचे चार फोन झाले. प्रत्येक फोन पंधरा मिनिटं धरला तर एक तास, ६०० रुपये. दिवसाची बेरीज धरली तर अर्धा तास, ३०० रुपये. मी दिवसाच्या बेरजेवरच धरायला सांगतो. क्लायंटही स्वतःच्या फोनमधली कॉल लिस्ट बघू शकतो बरं का!

बिलात नुसतं "डिझाइन काम, ८.७५ तास" लिहू नका. तारीख, काम आणि तास अशा ओळी शीटमधून उचलून बिलाखाली लावा. ताईने पुढच्या महिन्यापासून तसंच केलं. क्लासच्या सरांचा फोन आलाच, "यावेळी तास वाढले कसे?" तिने तारखेनुसार ओळी वाचून दाखवल्या आणि आधीची बेरीज आपलीच चुकत होती हेही सांगितलं. मागचे पैसे तिने मागितले नाहीत. या महिन्याचं बिल मात्र पूर्ण आलं.