पडत्या ठोकळ्यांमागचे तीन निर्णय

दहा रकाने रुंद आणि वीस ओळी उंच अशी चौकट, प्रत्येकी चार घरांचे सात ठोकळे, आणि आडवी ओळ भरली की ती नाहीशी होणे, एवढ्यावर पडत्या ठोकळ्यांचा खेळ उभा आहे. अलेक्सेय पाजितनोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत पहिला टेट्रिस तयार केला, तेव्हापासून हा सांगाडा फारसा बदललेला नाही. तरीही नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचलेला ‘ब्रिक गेम’ आणि आजचा मोबाइलवरचा खेळ हाताला सारखे लागत नाहीत. हा फरक बराचसा तीन निर्णयांतून येतो. पुढचा ठोकळा कसा निवडायचा, अडथळ्याजवळ ठोकळा कसा फिरू द्यायचा, आणि खाली टेकल्यावर तो किती वेळाने पक्का बसवायचा. नवा खेळ लिहिणारा बहुतेक वेळा हे तिन्ही सुटेसुटे ठरवतो. त्यांतले शेवटचे दोन एकमेकांत किती गुंतलेले आहेत, ते खेळ चालू झाल्यावर कळते.

पहिला निर्णय त्यातल्या त्यात सोपा. दर वेळी सातांतून एक ठोकळा निव्वळ नशिबाने काढला, तर प्रत्येकाची संधी सातात एक राहते. हे न्याय्य वाटते, पण खेळणाऱ्याला तसे जाणवत नाही. उभा लांब ‘आय’ ठोकळा सलग वीस वेळा न येण्याची शक्यता सुमारे साडेचार टक्के आहे, म्हणजे लांबलेल्या डावात असा दुष्काळ पडतोच. शिवाय ‘एस’ आणि ‘झेड’ हे दोन नागमोडी ठोकळे आलटून पालटून बराच काळ येत राहिले, तर कितीही कसबी खेळाडू शेवटी हरतो. गणितज्ञ हायडी बर्गियल यांनी १९९७ मध्ये हे सिद्ध करून दाखवले. निव्वळ नशिबाच्या अनंत डावात अशी मालिका कधी ना कधी येणारच. निन्टेन्डोच्या १९८९ च्या आवृत्तीत यावर छोटी मलमपट्टी होती. आधीचाच ठोकळा पुन्हा निघाला, तर एकदाच फेरसोडत व्हायची. त्यामुळे लागोपाठचे जुळे कमी झाले, दुष्काळ तसाच राहिला.

आज रूढ असलेली पद्धत पिशवीची, म्हणजे ‘सेव्हन-बॅग’ची आहे. सातही ठोकळे पिशवीत टाकायचे, पिसायचे, एकेक करून सगळे वाटायचे आणि मग नवी पिशवी भरायची. एखादा ठोकळा एका पिशवीत सर्वांत आधी आणि पुढच्या पिशवीत सर्वांत शेवटी आला, तरी मध्ये जास्तीत जास्त बारा ठोकळे जातात. त्याहून मोठा दुष्काळ संभवतच नाही. नागमोडी ठोकळेही सलग चारपेक्षा जास्त येऊ शकत नाहीत. पिसण्याचा भाग इतकाच:

```python
import random

def next_bag():
    bag = list("IOTSZJL")
    for i in range(6, 0, -1):
        j = random.randint(0, i)
        bag[i], bag[j] = bag[j], bag[i]
    return bag
```

येथे `randint(0, i)` च्या जागी `randint(0, 6)` लिहिण्याची चूक वारंवार होते. खेळ चालतो, ठोकळे पिसल्यासारखे दिसतात, पण पिसणे सम राहत नाही. सहा पायऱ्या आणि दर पायरीला सात पर्याय धरले, तर एकूण १,१७,६४९ वाटा होतात. सात ठोकळ्यांचे क्रम मात्र ५,०४० आहेत आणि ५,०४० ने त्या संख्येला निःशेष भाग जात नाही. म्हणजे काही क्रमांच्या वाट्याला जास्त वाटा येणारच. खेळून हे कळत नाही. काही लाख पिशव्या काढून कोणता ठोकळा कितव्या जागी किती वेळा आला ते मोजले, की लगेच दिसते. दुसरी चूक ‘पुढचे पाच ठोकळे’ दाखवताना होते. रांग अपुरी पडली की काही जण उरलेले ठोकळे टाकून नवी पिशवी घेतात. असे केले की बारांची हमी गेली. उरलेल्यांच्या मागे नवी पिशवी जोडायची, एवढेच त्यावर उत्तर आहे.

पिशवीवर आक्षेप आहे तो तिच्या अंदाजेपणाचा. सहा ठोकळे येऊन गेले की सातवा कोणता हे उघडच असते आणि सराईत खेळाडू सुरुवातीच्या रचना पाठ करून ठेवतात. अरिका कंपनीच्या १९९८ च्या ‘टेट्रिस: द ग्रँड मास्टर’मध्ये मधला मार्ग आहे. शेवटचे चार ठोकळे लक्षात ठेवायचे आणि त्यांपैकी एखादा निघाला, तर ठरावीक वेळा फेरसोडत करायची. दुष्काळ क्वचित पडतो, पण पुढचे हमखास सांगता येत नाही. सर्वसामान्य खेळाडूसाठी मात्र पिशवीच बरी, कारण हरल्यावर दोष नशिबाला देण्याची सोय ती फारशी ठेवत नाही.

दुसरा निर्णय फिरवण्याचा. मोकळ्या जागेत कोणतीही पद्धत चालते, प्रश्न भिंतीपाशी किंवा फरशीपाशी येतो. निन्टेन्डोच्या जुन्या आवृत्तीत उत्तर सरळ होते. फिरवलेल्या ठोकळ्याला जागा नसेल तर तो फिरतच नाही. २००१ च्या ‘टेट्रिस वर्ल्ड्स’पासून रूढ झालेली ‘सुपर रोटेशन सिस्टीम’ इतकी कठोर नाही. ती पाच जागा क्रमाने तपासते. पहिली आहे तीच, मग थोडी बाजूला, थोडी वर, अगदी दोन ओळी खालीसुद्धा. जिथे पहिल्यांदा जागा मिळेल तिथे ठोकळा बसतो. पाचही ठिकाणी अडला, तरच फिरणे नाकारले जाते. या सरकण्याला खेळाडू ‘किक’ म्हणतात.

‘टी’ ठोकळ्याचे उदाहरण घेऊ. त्याची तीन घरे फरशीला टेकलेली आहेत आणि टोक वर आहे. घड्याळाच्या दिशेने फिरवताना एक घर मधल्या घराच्या खाली, म्हणजे फरशीच्या आत जायला हवे. उजवीकडचे अंतर आधी आणि वरचे अंतर नंतर लिहिले, तर या फिरण्यासाठीच्या पाच जागा अशा आहेत:

```
(0,0)  (-1,0)  (-1,+1)  (0,-2)  (-1,-2)
```

पहिल्या दोन्ही जागी खालचे घर फरशीत घुसते. तिसऱ्या जागी ठोकळा एक घर डावीकडे आणि एक ओळ वर जातो, तिथे जागा असते, आणि तो फरशीवर उभा राहतो. इथेच एक ठरलेली गफलत होते. तक्त्यात ‘वर’ म्हणजे अधिक चिन्ह, तर पडद्यावर ओळी बहुधा वरून खाली मोजल्या जातात. चिन्ह उलटायचे राहिले, तर तिसरी तपासणी ठोकळ्याला खाली ढकलते आणि फसते. मग चौथी तपासणी त्याला दोन ओळी वर उचलते. फरशीवरचा ‘टी’ फिरवताच उडी मारून एक ओळ अधांतरी राहिला, तर चूक चिन्हाची आहे असे खुशाल समजावे. लांब ‘आय’ ठोकळ्याचा तक्ता वेगळा असतो. ‘टी’चाच तक्ता त्याला लावणे ही दुसरी नेहमीची चूक.

सेगाच्या १९८८ च्या आर्केड यंत्रांतून आलेली आणि ‘ग्रँड मास्टर’ने पुढे नेलेली पद्धत वेगळ्या विचाराची आहे. तिच्यात ठोकळ्याच्या आडव्या स्थिती चौकटीच्या तळाशी धरलेल्या असतात, त्यामुळे फरशीवर फिरवताना ठोकळा मुळात खाली घुसतच नाही. किक मोजक्याच, एक घर उजवीकडे, न जमल्यास एक घर डावीकडे. मूळ पद्धतीत वर उचलणे नाही. तिसऱ्या निर्णयात या फरकाला फार महत्त्व येते.

तिसरा निर्णय ‘लॉक डिले’चा. ठोकळा टेकल्यापासून पक्का बसेपर्यंतचा हा अवधी रूढ खेळांत सुमारे अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे सेकंदाला साठ चित्रे धरल्यास तीस चित्रांचा असतो. तो नसेल, तर वेग वाढल्यावर ठोकळा बाजूला सरकवायला सवडच मिळत नाही. ‘ग्रँड मास्टर’च्या वरच्या पातळ्यांत ठोकळा दिसताक्षणी तळाला असतो. तिथे सगळा खेळ या अर्ध्या सेकंदातच होतो. खरा प्रश्न अवधीच्या लांबीचा नाही. हे घड्याळ पुन्हा शून्यावर कधी न्यायचे, हा आहे.

‘टेट्रिस वर्ल्ड्स’मध्ये प्रत्येक हालचालीने घड्याळ शून्यावर जात असे. ठोकळा जागच्या जागी फिरवत राहिले, की तो कधीच बसत नसे आणि खेळाडू हवा तितका वेळ विचार करू शके. यावर पुष्कळ टीका झाली. ‘ग्रँड मास्टर’मध्ये ठोकळा एक ओळ खाली उतरला, तरच घड्याळ शून्यावर जाते. चौकटीत वीसच ओळी असल्याने ही सूट आपोआप संपते.

हा साधा नियम उचलून ‘सुपर रोटेशन’ला जोडावा असे कुणालाही वाटेल, आणि तिथेच पाय घसरतो. फरशीवरचा ‘टी’ पुन्हा घ्या. पहिल्या फिरण्यात त्याचे मधले घर एक ओळ वर गेले. दुसऱ्या आणि तिसऱ्या फिरण्यात त्याला आहे तिथेच जागा मिळते. चौथ्या फिरण्यानंतर तो मूळ आडव्या रूपात येतो, पण मधले घर अजून एक ओळ वरच असल्याने तो अधांतरी असतो. मग तो एक ओळ खाली पडतो. नियमाच्या दृष्टीने तो ‘खाली उतरला’, म्हणून घड्याळ शून्यावर! वाटेत तो एक घर डावीकडे सरकलेला असतो, तेवढा उजवीकडे परत आणला की पुन्हा चार फेऱ्या. वर उचलणाऱ्या किकमुळे, बंद केलेली पळवाट मागच्या दाराने परत आली.

उपाय म्हणजे ठोकळा आतापर्यंत किती खाली गेला होता, ते लक्षात ठेवायचे. मधल्या घराची सर्वांत खालची ओळ नोंदवायची आणि तिच्याहून खाली गेला, तरच ‘उतरला’ म्हणायचे. वरच्या उदाहरणात ‘टी’ पहिल्याच ओळीवर परत येतो, नव्या खोलीवर जात नाही, म्हणून सूट मिळत नाही. आज रूढ असलेला नियम याच नोंदीवर चालतो. हालचाल किंवा फिरणे घड्याळ शून्यावर नेते, पण जास्तीत जास्त पंधरा वेळा. ही मोजणी नव्या नीचांकी ओळीवर पोचल्यावरच परत सुरुवातीला येते. पंधरा संपल्यावर ठोकळा टेकलेला असेल, तर लगेच पक्का होतो.

त्यामुळे जोड्या अशा लागतात. ‘सुपर रोटेशन’ घेतली, तर पंधरांची मर्यादा आणि नीचांकी ओळीची नोंद दोन्ही हवीत. सेगाच्या वंशातली पद्धत घेतली, तर ‘उतरला की शून्य’ एवढे पुरते. निन्टेन्डोसारखी किकविरहित पद्धत ठेवली, तर वेगळा लॉक डिले नसला तरी चालते, कारण तिथे पुढच्या घसरणीची वेळ हीच मुदत असते. मात्र वेग फार वाढवता येत नाही. निवड झाल्यावर तपासायची रीत साधी आहे. रिकाम्या फरशीवर ‘टी’ टेकवायचा आणि फिरवण्याची कळ भराभर दाबत राहायचे. पंधरांच्या नियमात सेकंदाला पाच दाबांच्या वेगाने सुमारे तीन सेकंदांत ठोकळा पक्का व्हायला हवा. तो त्यानंतरही फिरत राहिला, तर मोजणी नव्या नीचांकी ओळीऐवजी नुसत्या खाली उतरण्यावर परत सुरुवातीला येत नाही ना, ते आधी पाहावे.