आकडे हरवलेला हौद

पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा परवा अभ्यासिकेत काळ-काम-वेगाच्या प्रश्नांची छापील प्रत घेऊन आला. "सर, गणितात आकडेच नाहीत," म्हणाला. पाहतो तर खरंच! 'एक नळ एक हौद    तासांत भरतो व दुसरा नळ तोच हौद    तासांत भरतो. दोन्ही नळ एकदम सुरू केल्यास हौद किती तासांत भरेल?' शब्द सगळे जागेवर आणि आकड्यांच्या जागी कोरा कागद.

हे कसं होतं ते आता माहीत झालंय. अपूर्णांक टाइप करणं किचकट, म्हणून प्रश्न तयार करणारा गणिती मजकूर चित्र म्हणून चिकटवतो. कधी अपूर्णांकांबरोबर साधे आकडेही चित्रातच जातात. मग ती फाइल एका स्वरूपातून दुसऱ्यात नेताना चित्रं गळतात आणि अक्षरं तेवढी उरतात.

प्रश्न फेकून देण्याआधी काय काय उरलंय ते आम्ही पाहिलं. पर्याय शाबूत होते: १०, १२, २५ आणि ५०. उत्तरसूचीत १२. स्पष्टीकरणाच्या अर्धवट ओळीत 'हौदाची क्षमता ६० एकक मानू' एवढंच.

सुरुवात १२ पासून केली. दोघे मिळून १२ तास घेतात, म्हणजे एकट्या नळाला १२ पेक्षा जास्तच लागणार. किती जास्त, यातच मेख आहे. समजा, पहिल्याला एकट्याने भरायला ८ तास जादा लागतात. दुसऱ्या नळाने १२ तासांत जेवढं पाणी सोडलं असतं तेवढं भरायलाच पहिल्याला हे जादा ८ तास लागले. म्हणजे पहिल्याचे ८ तास दुसऱ्याच्या १२ तासांबरोबर. त्याच प्रमाणात पहिल्याचे १२ तास दुसऱ्याच्या १८ तासांबरोबर, म्हणून दुसऱ्याला १८ तास जादा. ८ गुणिले १८ बरोबर १४४, आणि १२ चा वर्गही १४४. हे दर वेळी असंच जमतं: दोन्ही नळांच्या जादा तासांचा गुणाकार हा एकत्र वेळेचा वर्ग असतो.

मग १४४ चे अवयव पाडले आणि प्रत्येकात १२ मिळवले. पूर्ण तासांच्या आठ जोड्या निघाल्या: १३ व १५६, १४ व ८४, १५ व ६०, १६ व ४८, १८ व ३६, २० व ३०, २१ व २८, २४ व २४. आठही जोड्यांचं उत्तर १२ च येतं. नुसतं उत्तर हाताशी असून भागत नाही, ते इथे दिसतं.

क्षमता ६० मानली होती. क्षमता बहुधा दोन्ही वेळांचा लसावि घेतात. लसावि ६० असलेल्या जोड्या दोनच, १५ व ६० आणि २० व ३०. पण काही जण लसाविऐवजी सोयीची दुसरी पटही घेतात, त्यामुळे हा पुरावा मी अर्धाच धरतो.

निकाल लागला तो चुकीच्या पर्यायांवरून. प्रश्न काढणारा चुकीचे पर्याय हवेतून आणत नाही. घाईत मुलं काय करतील ते मनात धरून दिलेल्या आकड्यांतूनच ते बनवतो. कुणी दोन वेळांची बेरीज करतो, कुणी सरासरी घेतो, कुणी वजाबाकी. २० आणि ३० ची बेरीज ५०, सरासरी २५, फरक १०. तिन्ही पर्याय समोरच होते. १५ आणि ६० ची बेरीज ७५ येते, फरक ४५. पर्यायांत त्यांतलं काहीच नाही. शेवटी ताळा: २० गुणिले ३० म्हणजे ६००, भागिले ५०, उत्तर १२.

एक जपायचं. वाक्यात 'भरतो' आहे की 'रिकामा करतो', हे आधी पाहावं. दुसरा नळ पाणी सोडून देणारा असेल तर हिशोब वजाबाकीचा होतो आणि ६ तासांत भरणारा व १२ तासांत रिकामा करणारा नळ मिळूनही १२ तासच लागतात. ही अख्खी आठ जोड्यांची यादी मग निरुपयोगी.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) हौदाचंच गणित आहे. चार झरे तोच हौद अनुक्रमे एक दिवस, अर्धा दिवस, तिसरा भाग आणि सहावा भाग एवढ्या वेळात भरतात. चारही सोडले तर किती वेळ? दिवसाला एक, दोन, तीन आणि सहा हौद, मिळून बारा, म्हणून दिवसाचा बारावा भाग. तिथे आकडे श्लोकाच्या शब्दांतच ओवलेले आहेत. श्लोक पाठ झाला की आकडेही पाठ होतात. ते वेगळे गळून पडायला जागाच नाही. म्हणून मी त्या मुलाला प्रश्न वहीत उतरवताना 'वीस तास' असं अक्षरांत लिहायला सांगितलं.

त्याच पानावर पुढे तीन नळांचा प्रश्न होता. उत्तर ४ तास, स्पष्टीकरण नाही, पर्यायांतले तीन पुसट. उत्तर ४ येईल अशी पूर्ण तासांची वीसहून जास्त त्रिकुटं निघतात आणि त्यांतलं कुठलं खरं हे सांगणारं काहीच उरलेलं नव्हतं. पहिल्या प्रश्नात त्याने पेन्सिलीने २० आणि ३० लिहिले, बाजूला 'पर्यायांवरून' अशी टीप घातली. दुसऱ्यावर काट मारली.