तिसऱ्या धड्यावर आलेल्याला पहिला धडा कसा सापडेल?

२०१२च्या जानेवारीत ‘क्रॅश कोर्स’ या अमेरिकी यूट्यूब चॅनेलवर जगाच्या इतिहासाची मालिका सुरू झाली. तिच्या पहिल्या भागाचं शीर्षक असं आहे: The Agricultural Revolution: Crash Course World History #1. या ओळीतला क्रम पाहण्यासारखा आहे. आधी विषय, मग मालिकेचं नाव आणि अखेरीस भागाचा क्रमांक. माणसानं शेती कधी सुरू केली हे शोधणाऱ्याचं लक्ष पहिल्या शब्दांकडे जातं. व्हिडिओ आवडला, तर तो एका मालिकेतला पहिला भाग आहे हे शेवटचे शब्द सांगतात. गणित शिकवणाऱ्या 3Blue1Brown या चॅनेलच्या २०१६च्या मालिकेतही हाच क्रम दिसतो: Vectors | Chapter 1, Essence of linear algebra.

चॅनेल चालवणाऱ्याला मालिका पहिल्या भागापासून माहीत असते. नवा प्रेक्षक मात्र कुठूनही येतो. कोणी शोधपेटीत दोन शब्द टाइप करून येतो, कोणाला दुसरा व्हिडिओ संपताना शेजारी सुचवलेला दिसतो, तर कोणाला नातेवाइकानं व्हॉट्सॲपवर दुवा पाठवलेला असतो. बहुतेकांची भेट मधल्याच एखाद्या भागाशी होते. तिथून मालिकेच्या सुरुवातीपर्यंत त्यांना पोहोचवायचं काम चॅनेलचं वर्णन, प्लेलिस्टची नावं आणि मुखपृष्ठावरचे विभाग करतात.

हे नेमकं कसं जमवायचं, ते मोडी लिपी शिकवणाऱ्या एका काल्पनिक चॅनेलवरून पाहू. समजा, तिथे चाळीसेक व्हिडिओ आहेत. स्वर, व्यंजनं आणि बाराखडीपासून सुरुवात होते, पुढे जोडाक्षरं आणि शब्दांची संक्षिप्त रूपं येतात आणि मग प्रत्यक्ष कागदांचं वाचन. शिकवणं उत्तम आहे. पण प्लेलिस्टची नावं आहेत ‘मोडी’, ‘बॅच २’, ‘ऑनलाइन वर्ग’, ‘वाचन सराव’ आणि ‘इतर’. चॅनेलचं वर्णन ‘नमस्कार मंडळी, आपल्या चॅनेलवर आपलं मनःपूर्वक स्वागत’ असं सुरू होतं.

‘बॅच २’ हे नाव शिकवणाऱ्याच्या वहीत ठीक आहे, कारण ती बॅच कधी भरली आणि तिच्यात काय झालं हे त्याला आठवतं. परक्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही. म्हणून नावं ठरवण्याआधी येणारी माणसं कोण आहेत हे पाहायला हवं. मोडीच्या बाबतीत ती साधारण तीन प्रकारची असतात. पहिला प्रकार हौसेनं अक्षरओळखीपासून शिकणाऱ्यांचा. दुसऱ्यांच्या हातात घरातलाच जुना कागद असतो: खरेदीखत, फेरफार किंवा जन्म-मृत्यूची नोंद. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी व्यवहारात होती, त्यामुळे असे कागद आजही घरोघरी आणि दप्तरांत आहेत. २०२३मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची गरज गावोगावी जाणवली. तिसरा प्रकार इतिहासाच्या अभ्यासकांचा. पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर त्यांना स्वतः वाचायचं असतं.

आता त्याच चाळीस व्हिडिओंच्या प्लेलिस्ट अशा होऊ शकतात: ‘मोडी लिपी शिका: अक्षरओळख ते शब्दवाचन (पहिल्यापासून)’, ‘मोडी खरेदीखत आणि फेरफार कसे वाचावेत’, ‘मोडी कागदातली तारीख: शुहूर, फसली आणि शक’, ‘पेशवेकालीन मोडी पत्रांचं वाचन’. प्रत्येक नावात ‘मोडी’ आहे आणि तो शब्द पहिल्या दोन शब्दांतच येतो. प्लेलिस्टचं नाव १५० अक्षरांपर्यंत लांबवता येतं, पण फोनवरच्या छोट्या चौकटीत त्याचा थोडाच भाग मावतो आणि पुढचा कापला जातो. त्यामुळे ओळखीचा शब्द आधी यावा आणि ‘सीझन १’ किंवा चॅनेलचं नाव मागे जावं.

मोडीच्या नावात एक खास अडचण आहे. अनेक मराठी प्रेक्षक फोनवर रोमन लिपीतच टाइप करतात, आणि Modi एवढंच लिहिलं की पंतप्रधानांच्या भाषणांचे आणि बातम्यांचे व्हिडिओ समोर येतात. म्हणून लोक खरोखर जी जोडी टाइप करतात ती, म्हणजे Modi lipi किंवा Modi script, प्लेलिस्टच्या वर्णनात एका सरळ वाक्यात असावी. नाव देवनागरीत ठेवावं. मात्र शोधले जाणारे वीस शब्द वर्णनाच्या तळाशी नुसते ओळीनं लावू नयेत. शब्दांची अशी भरताड यूट्यूबच्या नियमांत बसत नाही आणि वाचणाऱ्यालाही तिचा उपयोग नसतो.

चॅनेलच्या वर्णनाला एक हजार अक्षरांची मर्यादा आहे. प्रत्यक्षात त्याच्या पहिल्या ओळीवरच बराच भार असतो, कारण चॅनेलच्या पानावर नावाखाली सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात आणि बाकीचं वाचायला दाबावं लागतं. त्या जागी स्वागत लिहिलं, तर चॅनेल कशाचं आहे हे दडून राहतं. मोडीच्या चॅनेलचं वर्णन असं असू शकतं:

‘मोडी लिपी पहिल्या अक्षरापासून शिका आणि घरातले जुने कागद स्वतः वाचा. इथले धडे मराठी वाचता येणाऱ्या कोणालाही समजतील, पूर्वतयारी लागत नाही. नवीन असाल तर “मोडी लिपी शिका” या प्लेलिस्टच्या पहिल्या धड्यापासून सुरुवात करा. हातात एखादा कागद असेल तर “मोडी खरेदीखत आणि फेरफार” पाहा. नवा धडा दर रविवारी.’

पहिलं वाक्य विषय सांगतं, दुसरं कोणासाठी ते सांगतं, पुढची दोन वाक्यं वाट दाखवतात आणि शेवटचं वेळापत्रक देतं. शिकवणाऱ्याचा परिचय आणि चॅनेलमागची भूमिका यानंतर यावी. रविवारचा नेम पाळता येणार नसेल, तर ते वाक्य लिहूच नये. तीन महिने नवा धडा नाही आणि वर्णनात ‘दर रविवारी’ असेल, तर चॅनेल बंद पडलं असं नव्या माणसाला वाटतं.

यानंतर येतं चॅनेलचं मुखपृष्ठ. यूट्यूब स्टुडिओत तिथे बारा विभागांपर्यंत रचना करता येते. विभागात एकच प्लेलिस्ट लावली, तर तिचं नावच विभागाचं शीर्षक बनतं. एका विभागात अनेक प्लेलिस्ट एकत्र ठेवल्या, तर त्याला स्वतःचं नाव देता येतं. प्लेलिस्टचं नाव नीट नसेल तर विभागही निकामी होतो, म्हणून दुरुस्ती प्लेलिस्टपासून सुरू करावी.

मोडीच्या चॅनेलला बारा विभागांची गरज नाही, चार पुरतात. सगळ्यात वर ‘मोडी लिपी शिका’ ही पायाभूत प्लेलिस्ट. तिच्याखाली कागदवाचन आणि तारखा यांच्या प्लेलिस्टचा ‘घरातले जुने मोडी कागद वाचण्यासाठी’ नावाचा विभाग. मग ‘इतिहासाच्या अभ्यासकांसाठी’, आणि अगदी खाली सगळ्यात नवे व्हिडिओ. अनेक चॅनेलांवर नवे व्हिडिओ वर असतात. बातम्यांच्या चॅनेलला ते शोभतं. क्रमानं शिकायच्या मालिकेत मात्र नव्या माणसासमोर सगळ्यात आधी सदतिसावा धडा येतो. सदस्य न झालेल्या प्रेक्षकाला मुखपृष्ठावर दाखवायचा व्हिडिओ आणि सदस्यांना दाखवायचा व्हिडिओ वेगवेगळे ठेवता येतात. ही सोय वापरून परक्याला पहिला धडा दाखवावा आणि जुन्या विद्यार्थ्याला ताजा.

नावं चांगली असूनही मालिका बिघडते ती प्लेलिस्टच्या आतल्या क्रमामुळे. क्रम ‘नवे आधी’ असा लावलेला असेल, तर प्लेलिस्ट चालू करणाऱ्याला जोडाक्षरं आधी आणि स्वर शेवटी दिसतात. क्रम हातानं ठरवावा किंवा जुने आधी येतील असा लावावा. नवे व्हिडिओ प्लेलिस्टच्या वरच्या टोकाला जोडण्याचा पर्याय सेटिंगमध्ये असतो, तो बंद असल्याची खात्री करावी. ही चूक शिकवणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही, कारण तो आपली प्लेलिस्ट कधी पहिल्यापासून चालवून पाहत नाही.

दुवा पाठवतानाही असाच एक घोळ होतो. नुसत्या व्हिडिओचा पत्ता पाठवला, तर तो संपल्यावर पुढे काय लागेल हे यूट्यूब ठरवतं. पत्त्यात प्लेलिस्टही असेल, तर पुढचा धडा आपोआप येतो. फरक पत्त्याच्या शेपटीत दिसतो:

```
youtube.com/watch?v=…&list=PL…
```

`list=` असलेला दुवा प्रत्येक धड्याच्या वर्णनाच्या पहिल्या ओळीत द्यावा: ‘हा मोडी लिपी शिका मालिकेतला तिसरा धडा, पहिल्यापासून पाहण्यासाठी’ आणि पुढे दुवा. मधूनच आलेल्याला सुरुवातीकडे नेणारी ही सगळ्यात थेट वाट आहे.

जुन्या चॅनेलवर हे बदल करताना कोणाची पंचाईत होत नाही. प्लेलिस्टचं नाव बदललं, तरी तिचा पत्ता तोच राहतो आणि आधी पाठवलेले दुवे चालू राहतात. मात्र जुनी प्लेलिस्ट काढून टाकून तिच्या जागी नवी केली, तर पत्ता बदलतो आणि गटागटांत फिरणारे दुवे तुटतात. म्हणून नाव बदलावं, प्लेलिस्ट नव्हे.

या कामाला मर्यादाही आहे. शीर्षक आणि वर्णन शोधणाऱ्याच्या शब्दांशी जुळतं का, हे यूट्यूबचा शोध पाहतो, पण लोक तो व्हिडिओ किती पाहतात याचाही विचार करतो. अक्षर नीट न दिसणारा धडा नाव बदलून वर येणार नाही. नव्या नावांचा उपयोग होतो तो आलेला माणूस टिकण्यासाठी आणि ज्याला तो धडा हवाच होता त्याला तो ओळखता येण्यासाठी.

उपयोग होतोय की नाही, हे स्टुडिओतल्या ॲनालिटिक्समध्ये दिसतं. प्रेक्षक कुठून आले या भागात शोध, प्लेलिस्ट आणि चॅनेलची पानं असे वेगळे आकडे असतात. बदलाआधीचे आणि नंतरचे सारख्याच लांबीचे कालखंड शेजारी ठेवून पाहावेत. प्लेलिस्टमधून येणारे प्रेक्षक वाढत नसतील, तर क्रम आणि वर्णनातले दुवे पुन्हा तपासावेत. शोधातून येणाऱ्यांनी कोणते शब्द टाइप केले त्यांची यादीही तिथेच मिळते. मोडीच्या चॅनेलला त्या यादीत ‘मोडी जन्म नोंद वाचन’ असे शब्द वारंवार दिसू लागले, तर कागदवाचनाच्या प्लेलिस्टमध्ये विखुरलेले जन्म-मृत्यू नोंदींचे धडे वेगळे काढावेत आणि त्यांच्या प्लेलिस्टला लोकांचेच शब्द वापरून नाव द्यावं: ‘मोडी जन्म-मृत्यू नोंद कशी वाचावी’.