शेअरचा विमा: पुट किती खालच्या स्ट्राइकचा घ्यावा?

पुट ऑप्शन म्हणजे ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या भावाने शेअर विकण्याचा हक्क. त्या ठरलेल्या भावाला स्ट्राइक म्हणतात आणि हक्कासाठी मोजलेल्या पैशाला प्रीमियम. ज्याच्या डीमॅट खात्यात शेअर आधीच आहेत त्याने त्यांच्यावर पुट घेतला, तर त्या जोडीला प्रोटेक्टिव्ह पुट असे नाव आहे. भाव कितीही कोसळला तरी स्ट्राइकच्या भावाने शेअर विकता येतात, आणि भाव वाढला तर पुट सोडून द्यायचा असतो. गेलेले पैसे प्रीमियमपुरतेच. भारतात शेअरवरचे ऑप्शन 2001 सालापासून आहेत आणि आज ते युरोपीय पद्धतीचे आहेत. म्हणजे हक्क मुदतीच्या दिवशीच बजावता येतो. मात्र खुद्द पुट त्याआधी कधीही बाजारात विकता येतो.

या व्यवहाराला विमा म्हणतात ते योग्यच आहे. मोटारीच्या विम्यात नुकसानीची सुरुवातीची काही रक्कम मालकाने स्वतः भरायची असते आणि ती जितकी मोठी ठेवावी तितका हप्ता कमी होतो. पुटमध्ये ते काम चालू भाव आणि स्ट्राइक यांच्यातले अंतर करते. स्ट्राइक चालू भावाजवळ ठेवली तर प्रीमियम जास्त आणि स्वतः सोसायचा तोटा कमी. ती खाली नेली तर प्रीमियम झपाट्याने उतरतो, पण तेवढी घसरण मालकाच्या खिशातून जाते. म्हणून ‘कोणता पुट स्वस्त आहे’ या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. अंतर आणि प्रीमियम मिळून होणारा जास्तीत जास्त तोटा किती, हे आधी विचारायला हवे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शेअरचा भाव 1,000 रुपये, लॉट 600 शेअरचा, म्हणजे गुंतवणूक सहा लाखांची. बाजार वर्षाला 28 टक्क्यांच्या आसपास चढउतार गृहीत धरतो आहे. अशा शेअरवर एक महिन्याच्या पुटचे प्रीमियम साधारण असे असतील: 1,000 च्या स्ट्राइकला 30 रुपये, 950 ला 13 आणि 900 ला 5. पूर्ण लॉटसाठी अनुक्रमे 18,000, 7,800 आणि 3,000 रुपये.

मुदतीच्या दिवशी भाव 850 पर्यंत कोसळला, तर पुट नसलेल्याचे 90,000 रुपये बुडतात. 1,000 चा पुट असलेल्याचा तोटा प्रीमियमइतका, 18,000 च. 950 चा पुट असलेला 50 रुपयांची घसरण सोसतो आणि वर 13 रुपये प्रीमियम, मिळून 37,800. 900 च्या पुटवाल्याचे 63,000 जातात. भाव 850 ऐवजी 500 झाला तरी हे तिन्ही आकडे तसेच राहतात. विकत घेतली जाते ती हीच खात्री.

आता घसरण लहान आहे असे समजू: भाव 940 वर थांबला. पुट नसलेल्याचे 36,000 गेले. 950 च्या पुटवाल्याचे 37,800 आणि 900 वाल्याचे 39,000, म्हणजे दोघांचेही विमा नसलेल्यापेक्षा जास्त. 1,000 च्या पुटवाल्याचेच नुकसान 18,000 वर अडले. खालचा पुट छोट्या घसरणीत उपयोगी पडत नाही, कारण तो तिच्यासाठी घेतलेलाच नसतो. ज्याला पाच-सहा टक्क्यांच्या घसरणीनेही झोप लागत नाही, त्याला 900 चा पुट दिलासा देणार नाही. आणि ज्याला केवळ मोठ्या पडझडीची धास्ती आहे, त्याने 1,000 चा पुट घेणे म्हणजे दर महिन्याच्या साध्या हेलकाव्यांचाही विमा उतरवणे होय.

साधा हेलकावा कुठे संपतो आणि मोठी पडझड कुठे सुरू होते, याचा अंदाज बाजाराच्याच आकड्यातून निघतो. ऑप्शन चेनमध्ये प्रत्येक स्ट्राइकपुढे आयव्ही नावाचा आकडा असतो. त्या ऑप्शनचा भाव पाहता वर्षभरात शेअरचा चढउतार किती टक्के गृहीत धरला आहे, ते तो सांगतो. त्याला 12 च्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण साडेतीनने भागले की महिन्याचा अंदाज मिळतो. 28 भागिले साडेतीन म्हणजे 8 टक्के. या शेअरसाठी महिन्यात 8 टक्के वर किंवा खाली जाणे सामान्य समजले जाते आहे. तेव्हा पाच टक्के खालची स्ट्राइक रोजच्या हेलकाव्याच्या आतच पडते आणि दहा टक्के खालची जेमतेम बाहेर. शांत शेअरची आयव्ही 18 असेल तर तोच पाच टक्क्यांचा पुट हेलकाव्याच्या सीमेवर येतो. म्हणूनच ‘नेहमी पाच टक्के खाली घ्यावा’ असा सरसकट नियम टिकत नाही. अंतर शेअरच्या स्वभावावर ठरवावे लागते.

खालच्या स्ट्राइकचा पुट रुपयांत स्वस्त दिसला तरी जोखमीच्या मानाने तो बहुधा महाग असतो. ऑक्टोबर 1987 मध्ये अमेरिकी बाजार कोसळल्यापासून खालच्या पुटची आयव्ही चालू भावाजवळच्या पुटपेक्षा वरचढ राहू लागली. वरच्या उदाहरणातही तसेच आहे. 28 टक्क्यांच्याच हिशेबाने 900 चा पुट तीनेक रुपयांना मिळाला असता. 5 रुपयांच्या भावात सुमारे 32 टक्क्यांची आयव्ही आहे. मोठ्या घसरणीची भीती सगळ्यांनाच असल्याने तिच्या विम्याला मागणीही जास्त असते.

प्रीमियमचा खरा भार दिसतो तो वर्षाच्या हिशेबात. 30 रुपयांचा पुट दर महिन्याला घेतला तर बारा महिन्यांत 360 रुपये, म्हणजे शेअरच्या भावाच्या 36 टक्के खर्च. 950 च्या पुटला 156 रुपये, 900 च्या पुटला 60. एवढा खर्च भरून काढेल असा शेअर विरळाच. म्हणून सततच्या विम्याऐवजी ठरावीक काळाचा विमा बहुतेकांना परवडतो. घर घेण्यासाठी चार महिन्यांनी शेअर विकायचे आहेत, किंवा एकाच कंपनीत गुंतवणूक फार एकवटली आहे आणि ती हळूहळू कमी करायची आहे, अशा वेळी पुटला नेमके काम असते.

दर महिन्याला पुट नव्याने घेण्यात आणखी एक धोका लपलेला आहे. समजा शेअर तीन महिने दर महिन्याला चार टक्के घसरला: 1,000 वरून 960, मग सुमारे 922, मग 885. गुंतवणूकदार दर वेळी त्या वेळच्या भावाच्या पाच टक्के खालचा पुट घेतो. पहिल्या महिन्यात स्ट्राइक 950, भाव 960. दुसऱ्यात स्ट्राइक 912, भाव 922. तिसऱ्यात 876, भाव 885. तिन्ही पुट शून्यावर संपतात. शेअरमध्ये 69,000 रुपये गेले आणि प्रीमियममध्ये सुमारे 22,500, मिळून 91,500. विमा सलग चालू असूनही त्यातून एक रुपया मिळाला नाही, कारण शेअर घसरत गेला तशी दर महिन्याला स्ट्राइकही खाली सरकत गेली.

त्याऐवजी सुरुवातीलाच 950 चा तीन महिन्यांचा पुट घेतला असता, तर तो साधारण 30 रुपयांना पडला असता. 50 रुपयांचे अंतर आणि 30 रुपयांचा प्रीमियम, म्हणजे तोटा 48,000 रुपयांवर थांबला असता. मुदत तिप्पट झाली तरी प्रीमियम तिप्पट होत नाही. उलट शेअर आधी 1,150 वर जाऊन मग पडला, तर तीन महिन्यांच्या पुटची स्ट्राइक 950 लाच राहते आणि मधली कमाई उघडी पडते. तिथे दरमहा घेतलेला पुट सरस ठरतो. भारतीय शेअरवर तीन मासिक मुदतींचे ऑप्शन उपलब्ध असतात, पण व्यवहार मुख्यतः चालू महिन्यात एकवटलेले असतात. दूरच्या महिन्याच्या पुटमध्ये घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा भाव यांत मोठी दरी दिसली, तर हिशेबात ती दरीही प्रीमियमसारखीच धरावी.

केव्हा घ्यायचा, याचा परिणाम स्ट्राइकइतकाच मोठा असतो. 14 जानेवारी 2020 रोजी निफ्टी 12,362 वर बंद झाला होता आणि 23 मार्चला 7,610 वर. जानेवारीत चढउताराचा अंदाज सांगणारा इंडिया व्हीआयएक्स पंधराच्या आसपास होता. मार्चच्या उत्तरार्धात तो सत्तरच्या पुढे गेला. त्या वेळी तेवढ्याच टक्क्यांनी खाली असलेल्या पुटसाठी जानेवारीच्या कित्येक पट प्रीमियम मोजावा लागला. तिमाही निकालांच्या आधीही लहान प्रमाणात हेच होते. निकालापर्यंत आयव्ही चढते आणि दुसऱ्या दिवशी उतरते, त्यामुळे शेअर थोडा पडूनही पुटचा भाव वाढत नाही. आयव्ही त्या शेअरच्या नेहमीच्या पातळीपेक्षा खूप वर असेल, तर त्याच पैशात स्ट्राइक आणखी खाली घ्यावी लागते, किंवा काही शेअर सरळ विकून टाकणे स्वस्त पडते. या दुसऱ्या पर्यायाचा विचार फार कमी जण करतात, आणि तो प्रत्येक वेळी करायला हवा.

पुट हवा तेवढाच घेता येत नाही, हीसुद्धा मोठी अडचण आहे. ज्या कंपन्यांवर ऑप्शन आहेत त्या मोजक्या आणि प्रत्येकीचा लॉट ठरलेला. 600 चा लॉट असताना 250 शेअर असलेल्याने पूर्ण पुट घेतला, तर उरलेल्या 350 शेअरचा विमा नसून भाव पडण्यावर लावलेली पैज होते. विविध शेअर थोडे थोडे असतील तर निफ्टीचा पुट घेण्याची प्रथा आहे, पण निफ्टी जागेवर राहून आपलेच शेअर पडले तर त्याचा उपयोग होत नाही.

मुदतीच्या दिवशी स्ट्राइक भावापेक्षा वर असेल, तर शेअरवरच्या पुटमध्ये रोख फरक न मिळता शेअरच द्यावे लागतात. ऑक्टोबर 2019 पासून सर्व शेअर ऑप्शनना हा नियम लागू आहे. ज्याला शेअर विकायचेच होते त्याचे काम तिथे पूर्ण होते. ज्याला ते ठेवायचे आहेत त्याने पुट मुदतीआधी बाजारात विकून नफा घ्यावा. शेवटच्या काही दिवसांत अशा पुटवर डिलिव्हरी मार्जिन वाढत जाते, म्हणून हा निर्णय त्या आठवड्याच्या आधीच झालेला बरा. पुट विकल्यावर शेअर पुन्हा उघडे पडतात. तेव्हा खालच्या भावाला नवी स्ट्राइक निवडायची की आलेला नफा पदरात ठेवून थांबायचे, हे पुन्हा त्याच दोन आकड्यांवर ठरते: नवे अंतर आणि नवा प्रीमियम.