पीडीएफ फॉर्ममध्ये टाईपच होत नाही? आधी कारण ओळखा

शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सहलीचं संमतीपत्र येतं. पालक मोबाईलवर उघडतात, 'विद्यार्थ्याचे नाव' पुढच्या रेषेवर बोट ठेवतात, पण कीबोर्डच येत नाही. मोबाईल बिघडलाय असं वाटतं. खरं कारण बहुतेकदा फाईलमध्येच असतं.

कागदावरची रेषा आणि पीडीएफमधला भरायचा रकाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्डमध्ये रेषा मारून किंवा कागद स्कॅन करून बनवलेल्या पीडीएफमध्ये असे रकाने नसतात. तिथे टाईप करायला जागाच नसते. ओळखायचं कसं? फाईल संगणकावर अॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडा. खरे रकाने असतील तर ते सहसा फिकट निळे दिसतात.

रकाने नसतील तर अॅक्रोबॅट रीडरमधलं `Fill & Sign` उघडा. हवं तिथे टिचकी मारून नाव लिहा, मग सहीचा पर्याय निवडून बोटाने सही करा आणि ती योग्य जागी सरकवा. एज ब्राउझरमध्ये पीडीएफ उघडली तर `Add text` आणि `Draw` ने हेच काम होतं. मराठीत लिहिलं असेल तर जतन केल्यावर फाईल पुन्हा उघडून पाहा. जोडाक्षरं तुटली असतील किंवा चौकोन दिसत असतील, तर फॉर्मची प्रिंट काढून पेनाने भरा आणि मोबाईलने स्कॅन करा.

कधी फॉर्मऐवजी फक्त `Please wait...` ने सुरू होणारा इंग्रजी मजकूर दिसतो. वाट पाहून उपयोग नाही. हा एक्सएफए नावाच्या जुन्या पद्धतीचा फॉर्म असतो आणि मोबाईलवरच्या बहुतेक अॅपना तो वाचता येत नाही. तो संगणकावर उतरवून घ्या आणि अॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडा.

रकाने दिसतात, तरी अक्षर उमटत नाही? मग `Properties` मधल्या `Security` टॅबवर `Filling of form fields` समोर काय आहे ते बघा. `Not Allowed` असेल तर फॉर्म बनवणाऱ्यांनी कुलूप लावलंय. त्यांच्याकडूनच खुली प्रत मागा.

सहीबद्दल एक लक्षात ठेवा. बोटाने काढलेली सही म्हणजे सहीचं चित्र. सहलीच्या पत्राला ते चालून जाईल. पण फॉर्मवर डिजिटल सहीचा रकाना असेल, तर तिथे प्रमाणपत्र लागतं, चित्र चालत नाही.

आता शेवटचं काम. तुमच्याकडे भरलेला दिसणारा फॉर्म समोरच्याच्या अॅपमध्ये कोरा दिसू शकतो. म्हणून पाठवण्याआधी प्रिंटमध्ये जाऊन `Save as PDF` करा. मग लिहिलेलं पानाचाच भाग बनतं. ही नवी फाईल दुसऱ्या एखाद्या मोबाईलवर उघडून बघा, नाव आणि सही दिसली की पाठवा. मूळ कोरी प्रतही ठेवा, कारण या नव्या फाईलमधले रकाने पुन्हा बदलता येत नाहीत.